चेस चालू असताना विकेट पडल्यावर ग्रीन-अप किती रकमेने करायचं? माझं गणित कुठे चुकलं?

नवा_गडी
मंडळी, गेले चार-पाच महिने बेटिंग एक्स्चेंजवर टी-२० चे चेस लाइव्ह ट्रेड करतोय. मी राहतो तिथे हे परवान्याखाली चालतं, त्यामुळे कायद्यावरून कृपया सुरू होऊ नका. रकमा छोट्या आहेत, खाली आकडे दिलेत ते नुसते युनिट समजा.

परवा काय झालं ते सांगतो. टार्गेट १७०, पॉवरप्ले संपला तेव्हा चेस करणारे बिनबाद ५८, म्हणजे ८४ बॉलमध्ये ११२ हवे होते. भाव १.६० आला. मला वाटलं हे जरा जास्तच चढलेत, दोघेही मिसटाइम करत होते, नशिबाने गॅपमध्ये जात होतं. म्हणून मी चेसवाल्यांना १.६० ला १०० ने ले केलं. म्हणजे ते जिंकले तर माझे ६० जाणार, हरले तर १०० येणार. पुढच्या चार ओव्हरमध्ये १८ रन आणि दोन विकेट, १० ओव्हरला ७६/२, आता ६० बॉलमध्ये ९४. भाव २.४० झाला. मी खुश, म्हटलं आता हिरवं करून बसू, म्हणजे कोणीही जिंकलं तरी सारखाच नफा, आणि १०० ने ले केलं होतं म्हणून चेसवाले जिंकतील यावर १०० नेच बॅक केलं २.४० ला.

स्क्रीनवर बघतो तर एका बाजूला +८० आणि दुसऱ्या बाजूला शून्य. शेवटी चेसवाले हरले, म्हणजे माझा अंदाज पूर्ण बरोबर ठरला, आणि हातात आलं शून्य! दोन प्रश्न आहेत. एक, रक्कम किती लावायला हवी होती. दोन, विकेट पडल्या पडल्या हिरवं करायचं की थोडं थांबायचं?

लेगबाय
शीर्षकात चेस वाचून बुद्धिबळाचा धागा समजून आलो. विकेट पडल्यावर म्हटल्यावर कळलं की घोडा नाही, बेल्स पडल्यात. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गणितवाला
नवा_गडी, तुमचा अंदाज बरोबर होता पण रक्कम भावाच्या प्रमाणात बदलावी लागते हे राहून गेलं. तुम्ही १.६० ला जे १०० खाल्लेत त्यांचं वजन १६० आहे. ते २.४० च्या भावात बसवायचं तर १६० भागिले २.४०, म्हणजे ६६.६७. एवढं बॅक केलं असतं तर चेसवाले जिंकल्यावर बॅकवर ९३.३३ मिळून त्यातले ६० गेले असते, उरले ३३.३३. हरले असते तर आलेल्या १०० मधून ६६.६७ गेले असते, उरले तेच ३३.३३.

तुम्ही १०० लावल्यामुळे जे झालं ते ग्रीन-अप नव्हतंच. सगळा नफा उचलून तुम्ही चेसवाल्यांवर ठेवलात, म्हणजे ज्यांच्या विरुद्ध तुमचं मत होतं त्यांच्यावरच फुकट तिकीट काढलंत.

नवा_गडी
अरे देवा. म्हणजे मी स्वतःच्याच मताच्या विरोधात पैसे लावले. धन्यवाद मास्तर.

हेलिकॉप्टर७
एवढं गणित कशाला करायचं, प्रत्येक साइटवर कॅशआउटचं बटण असतं, दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

थर्डमॅन
बटण ठीक आहे पण ते बटण तुम्हाला त्या क्षणी समोर जो भाव असेल तो देतं, आणि विकेटनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत समोर जे असतं ते म्हणजे ओसाड माळरान. बॅक २.२०, ले २.६०, मधे कोणीच नाही. बटण बिचारं २.२० ला उचलणार. स्वतः २.३६ ला ऑर्डर टाकून अर्धा मिनिट थांबलात तर बऱ्याचदा मिळते. बऱ्याचदा, नेहमी नाही.

नाइटवॉचमन
माझी अडचण वेगळी आहे. ६६.६७ काढले, ऑर्डर टाकली, पण मॅच झाली फक्त ३०. बाकीची तशीच लटकली आणि नवा आलेला बॅटर पहिल्याच बॉलला चौकार मारून बसला. भाव २.२० झाला. आता उरलेले ३६.६७ लावायचे का २.२० ला? की सगळं परत पहिल्यापासून मोजायचं?

सुलभा_काकू
मॅच झाली नाही म्हणजे पाऊस आला का? मग आपले पैसे परत मिळतात ना?

लेगबाय
काकू 😂 मॅच झाली नाही म्हणजे समोरून घेणारा कोणी भेटला नाही. क्रिकेटची मॅच छान चालू आहे, यांची मॅच होत नाहीये. लग्न जमवण्याच्या साइटवर असतं ना तसं.

गणितवाला
काकूंचा प्रश्न तसा चुकीचा नाही, पावसावर कोणीतरी येईलच. आधी नाइटवॉचमन.

पहिल्यापासून मोजायला जाऊ नका, मूळ रक्कम आणि मूळ भाव सरळ विसरा. गडबडीत तेच विसरायला जमत नाही म्हणून चुका होतात. स्क्रीनवर दोन आकडे दिसतात, जिंकले तर किती आणि हरले तर किती. त्या दोघांमधलं अंतर काढा आणि आत्ताच्या भावाने भागा. जे येईल ती रक्कम.

तुमच्या केसमध्ये १०० ने १.६० ला ले, मग ३० ने २.४० ला बॅक. जिंकले तर उणे ६० अधिक ४२, म्हणजे उणे १८. हरले तर १०० उणे ३०, म्हणजे अधिक ७०. अंतर ८८. भाव २.२०. ८८ भागिले २.२० बरोबर ४०. चाळीस बॅक केले की दोन्हीकडे ३०. तुम्ही उरलेले ३६.६७ लावले असते तर जिंकल्यावर २६ आणि हरल्यावर ३३.३३ राहिलं असतं. काही आभाळ कोसळलं नसतं, पण समान झालं नसतं.

जिंकल्याचा आकडा कमी असेल तर बॅक करायचं, जास्त असेल तर ले करायचं. वीस वेळा मॅच होऊन पसारा झाला असला तरी हे चालतं. तोंडी भागाकार जमत नसेल तर शेजारी कॅल्क्युलेटर उघडा ठेवा, मी अजूनही ठेवतो.

नाइटवॉचमन
कडक! हे कोणीच असं सांगितलं नव्हतं. मी दर वेळी कागदावर तीन-तीन ओळी मांडत बसायचो आणि तोवर पुढची ओव्हर संपायची.

हेलिकॉप्टर७
माझी पद्धत एकदम सोपी आहे. टी-२० मध्ये दर तीन-साडेतीन ओव्हरला विकेट पडतेच. चेसवाले फेव्हरेट झाले की ले करायचं, विकेटची वाट बघायची, पडली की हिरवं करायचं. विकेट कधी ना कधी पडणारच, हरायचा प्रश्नच कुठे येतो? मागच्या आठवड्यात सहापैकी पाच वेळा जमलं.

थर्डमॅन
आणि सहाव्या वेळी काय झालं?

हेलिकॉप्टर७
सहाव्या वेळी ओपनरनीच संपवली मॅच. तो अपवाद धरा.

थर्डमॅन
अपवाद नाही हो, ते त्या पद्धतीचं भाडं आहे, एकरकमी वसूल झालं. विकेट पडणार हे तुम्हाला जसं माहीत आहे तसं भाव देणाऱ्यालाही माहीत आहे. १.६० या भावात पुढची विकेट, तिच्या पुढची विकेट सगळं आधीच मोजलेलं असतं. म्हणून विकेट न पडता साध्या सात-आठ रनांच्या दोन ओव्हर गेल्या तरी भाव हळूहळू खाली सरकतो, १.६० चा १.५२, मग १.४५. ते सरकणं म्हणजे तुम्ही वाट बघण्याचं भाडं भरताय. विकेट पडली की एकदम उसळतो आणि भरलेलं भाडं परत मिळतं, कधी जास्त कधी कमी. उलट बाजूने चेसवाल्यांना बॅक करून बसलेला माणूस थोडं थोडं भाडं गोळा करत असतो आणि मधूनच एक सणसणीत फटका खातो. दोन्हीत कोणाला काही फुकट मिळत नाही.

नफा निघाला तर तो नवा_गडी यांनी जे बघितलं त्यातून निघतो. बॅटर मिसटाइम करतायत, स्कोअर दिसतो त्याहून खेळ वाईट आहे, आणि भाव स्कोअरकडे बघतोय. विकेट पडणं हे नुसतं ते वसूल करायचं निमित्त.

ऑप्शनवाला
वाचून मजा आली, हे तर थेट आमच्या शेअर बाजारातलं थिटा आहे. डॉट बॉल म्हणजे टाइम डिके. चेसवाल्यांना बॅक करणारा म्हणजे ऑप्शन विकत घेऊन बसलेला, प्रत्येक बॉलला त्याची किंमत झिजते.

थर्डमॅन
अर्धं पटलं. रन रेट भरपूर हवा असेल, समजा १२ ने, तर तुम्ही म्हणता तसंच होतं, प्रत्येक डॉट झिजवतो आणि एखादा सिक्स एकदम उडवतो. पण ६ ने हवे असताना उलटं आहे. तिथे सिंगलसुद्धा चेसवाल्यांच्या फायद्याची, वेळ त्यांच्या बाजूने असतो आणि भीती फक्त विकेटची. म्हणजे एकाच चेसमध्ये वेळ कोणाच्या बाजूने आहे ते बदलू शकतं. आणि ते ज्या ओव्हरमध्ये बदलतं ती ओव्हर ओळखणं, त्यातच सगळं आहे.

२०२४ च्या वर्ल्ड कप फायनलचंच घ्या, १७७ चं टार्गेट. १५ ओव्हरला आफ्रिका १४७/४, ३० बॉलमध्ये ३० हवे. वेळ त्यांच्या बाजूने. बुमराहच्या सोळाव्या ओव्हरमध्ये फक्त ४ आले, विकेट नाही, तरी २४ बॉलमध्ये २६ म्हणजे आरामाचंच. मग हार्दिकच्या पहिल्या बॉलला क्लासेन गेला. सगळ्यांना ती विकेट आठवते. पण त्यानंतर त्या ओव्हरमध्ये एकूण ४ च आले. १८ बॉलमध्ये २२. मग बुमराहने २ रन देऊन यान्सेनला उडवला, १२ बॉलमध्ये २०. अर्शदीपचे ४, आणि ६ बॉलमध्ये १६. साडेसहाचा रेट सात, दहा, सोळा असा गेला. क्लासेनच्या विकेटनंतर दहा सेकंदांत पूर्ण हिरवं करून बसलेला माणूस विकेटचा उड्डाणपूल चढला पण पुढचा घाट त्याला मिळालाच नाही.

गणितवाला
इथे मी थोडा वेगळा आहे. घाट मिळाला नाही हे मॅच संपल्यावर कळतं. त्या क्षणी मिलर होता समोर आणि १८ मध्ये २२ ही काही अशक्य गोष्ट नव्हती. त्याने दोन सिक्स मारले असते तर आज आपण उलटा धडा लिहीत बसलो असतो.

थर्डमॅन
मान्य. पण माझा मुद्दा असा की विकेटनंतर बघायचं काय, तर नवा बॅटर पहिले पाच-सहा बॉल कसे खेळतो ते. विकेटची किंमत लगेच भावात येते. त्या विकेटमुळे पुढे जे डॉट पडतात त्यांची किंमत मात्र बाजार कमी धरतो असं माझं मत आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही, इतक्या वर्षांचा अनुभव म्हणा.

आणि दुसरी बाजू पण आहे. रेट ११ ने हवा आहे, अँकर ३८ बॉलमध्ये ३० करून अडकलाय आणि आत डगआउटमध्ये मारणारा पॅड बांधून बसलाय. तो अँकर आउट झाला तर भाव क्षणभर उसळतो, कारण विकेट ही विकेट असते, आणि मग हळूहळू परत येतो, कधी आधीपेक्षा खाली. अशा वेळी ले करून बसला असाल तर त्या उसळीतच सोडून द्या, घाटाची वाट बघू नका.

सुलभा_काकू
म्हणजे आउट झाल्याचा फायदाच होतो कधी कधी! आमच्या घरात प्रत्येक चेसला हेच बोलणं होतं, हा आउट होईल तर बरं. फक्त आम्ही पैसे लावत नाही म्हणून नुसतं ओरडतो.

मिडविकेट_मन्या
रडगाणं गाऊ का? २३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्न. १६० हवे होते, भारत ३१/४. मी आधीपासून भारताला ले करून बसलेलो, मनावर दगड ठेवून, कारण पैसा वेगळा आणि भावना वेगळी असं मोठ्या तोंडाने सांगायचो. दहा ओव्हरला ४५/४. स्क्रीनवर एका बाजूला मस्त हिरवा आकडा आणि दुसऱ्या बाजूला लाल. त्या वेळी हिरवं करायला चिल्लर लागली असती, कारण भाव खूप वर होता. केलं नाही. म्हटलं हे आता संपलंच, शेवटची चिल्लर कशाला सोडा. मग १८ मध्ये ४८, मग ८ बॉलमध्ये २८, आणि कोहलीने रौफला ते दोन सिक्स मारले. घरातले सगळे नाचत होते आणि मी सोफ्यावर. नाचू की रडू कळेना. बायको म्हणाली तुला आनंद झाला नाही का.

लेगबाय
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. 😂😂 वहिनींना खरं सांगितलंत का?

मिडविकेट_मन्या
आनंदाश्रू आहेत म्हणालो.

गणितवाला
मन्या, तुमच्या केसमधून एक व्यवहाराची गोष्ट सगळ्यांनी घ्यावी. भाव जितका वर, तितकी बाहेर पडायची रक्कम छोटी. समजा तुम्ही १०० ने २.०० ला ले केलं होतं. भाव १० झाल्यावर दोन्हीकडे समान करायला फक्त २० बॅक करायचे आणि ८० खिशात. हरल्यावर मिळणारे १०० सोडून ८० घ्यायचे. वीस जातात ते दिसतं, पण उलटं झालं तर १०० जाणार होते ते त्या क्षणी डोळ्यासमोर नसतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, माझ्यावर कोणी रागावलं तरी चालेल. १० हा भाव बरोबर असेल तर ते २० देऊन तुम्ही काही कमावत नाही आणि गमावतही नाही, फक्त झोप विकत घेता, वर दोन भावांमधलं अंतर जातं ते वेगळं. ग्रीन-अप स्वतः नफा तयार करत नाही. नफा झाला असेल तर तो एंट्रीला झालेला असतो.

हेलिकॉप्टर७
आणि दोनदा कमिशन पण जातं ना? ले वर एकदा, बॅक वर एकदा. म्हणून मी हिरवं करायचं टाळतो कधी कधी.

गणितवाला
नाही, माझ्या एक्स्चेंजवर तरी कमिशन त्या मार्केटच्या निव्वळ नफ्यावर लागतं. ३३.३३ चं हिरवं केलं आणि कमिशन ५ टक्के असेल तर ३१.६७ हातात. बॅक आणि ले वेगवेगळे मोजत नाहीत. तुमच्याकडे काय नियम आहे तो एकदा वाचा, पण बहुधा तुम्ही चुकीच्या कारणासाठी टाळत होतात.

हेलिकॉप्टर७
बघतो. (बघितलं. निव्वळच आहे. कोणाला सांगू नका.)

पागोळी
काकूंच्या पावसाकडे येऊ का आता. मॅच निकालाविना संपली तर सगळं रद्द होतं, बॅकही आणि लेही. म्हणजे तुम्ही शांतपणे दोन्हीकडे ३३ हिरवं करून चहाला गेलात आणि मॅच पावसात वाहून गेली, तर ३३ पण गेले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कस्टमर सपोर्टशी भांडलो होतो, चूक माझीच होती.

पण खरी मजा अर्धवट पावसाची. टी-२० मध्ये दुसऱ्या डावाच्या पाच ओव्हर झाल्या की डकवर्थ-लुईस-स्टर्नने निकाल लागू शकतो. मग आभाळ भरून आलं की भाव टार्गेटकडे नाही, त्या क्षणी बरोबरीला लागणाऱ्या पार स्कोअरकडे बघायला लागतो. आणि विकेट पडली की तो पार स्कोअर वर जातो. म्हणजे एका विकेटने चेसवाले दोन्हीकडून मार खातात, बॅटर गेला आणि पारही वर गेला. २०२२ ला ॲडलेडला भारत-बांगलादेश आठवा, १८४ केले होते आपण. ७ ओव्हरला बांगलादेश बिनबाद ६६, पाऊस आला तेव्हा पारच्या १७ रन पुढे. तिथेच संपली असती तर ते जिंकले असते. मॅच परत सुरू झाली, १६ ओव्हरमध्ये १५१ असं टार्गेट झालं, आणि लगेच लिटन दास रनआउट. शेवटी ५ रननी हरले. पाऊस येतोय म्हणून बॅक करणारा आणि पाऊस थांबतोय म्हणून ले करणारा हे दोघंही खरं तर क्रिकेट नाही, ढग ट्रेड करत असतात.

सुलभा_काकू
बघा, माझा प्रश्न बरोबरच होता.

नाइटवॉचमन
अजून एक. तुम्ही सगळे विकेट "पडल्यावर" म्हणता, पण माझ्याकडे टीव्हीवर बोलर अजून रनअपमध्ये असतो आणि भाव १.६० चा १.९० होऊन बसलेला असतो. विकेट पडली हे मला भाव सांगतो, टीव्ही नाही.

थर्डमॅन
सगळ्यांचंच तसं आहे. ग्राउंडवर बसलेला माणूस तुमच्या पुढे आहे, मग वेगवान फीडवाले, मग तुम्ही. त्यात ऑर्डर टाकल्यावर ती आत जायला काही सेकंद लागतात, माझ्याकडे ५. म्हणून विकेटच्या आधी विकेट पकडायचा नाद सोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉल पडत असताना आपली ऑर्डर बाजारात उघडी ठेवू नका. १.६० ला बॅक करायची ऑर्डर लटकवून ठेवलीत आणि विकेट पडली, तर ती तुमच्या आधी बातमी कळलेला माणूस क्षणात गिळतो. तुम्हाला भाव मिळाला म्हणून आनंद होतो आणि पुढच्या सेकंदाला टीव्हीवर स्टंप उडालेला दिसतो.

नवा_गडी
परत मीच. धागा वाचून काल नीट करायला गेलो आणि नवीन घोळ घातला, लिहितो म्हणजे हसाल तरी.

चेसवाल्यांना १.८० ला ५० ने ले. जिंकले तर उणे ४०, हरले तर अधिक ५०. एलबीडब्ल्यू दिला, भाव २.१०. मास्तरांच्या नियमाने अंतर ९०, भागिले २.१०, आले ४२.८६. एकदम शहाण्यासारखी ऑर्डर टाकली. बॅटरने रिव्ह्यू घेतला. बॉल लेगस्टंपच्या बाहेर पडलेला. नॉट आउट. भाव परत १.७८. ऑर्डर मॅच झालीच नाही, म्हटलं बरं झालं, आणि तिला विसरून गेलो.

तीन ओव्हर कसून टाकल्या त्यांनी, विकेट नाही पण रेट चढला, आणि मग एक विकेट पडली. भाव २.२० दिसला. मी परत ९० चं अंतर डोक्यात धरून साधारण ४० ने बॅक केलं. झालं ना हिरवं! स्क्रीन बघतो तर जिंकले तर +५५.१४, हरले तर उणे ३२.८६. ती जुनी २.१० ची ऑर्डर मधल्या काळात भाव वर चढताना गुपचूप मॅच झाली होती. मी आधीच हिरवा होतो, दोन्हीकडे ७.१४ ने, आणि मला पत्ताच नाही.

मग घाम पुसून परत तोच नियम. अंतर ८८, या वेळी जिंकल्याचा आकडा मोठा म्हणून ले, भाव २.२४, रक्कम ३९.२९. दोन्हीकडे ६.४२ च्या आसपास. म्हणजे घोळाची किंमत पाऊण युनिट सुद्धा नाही, पण हात थरथरत होते.

गणितवाला
सुटलात. मधल्या दहा सेकंदांत सिक्स गेला असता तर फायद्यात सुटला असतात आणि वाईट सवय लागली असती. अंतर डोक्यातून नाही, स्क्रीनवरून घ्यायचं. आणि रिव्ह्यू चालू असताना काहीच करायचं नाही, निकाल लागेपर्यंत तो भाव म्हणजे दोन मतांची सरासरी असते.

थर्डमॅन
रिव्ह्यूवर मी सहमत नाही. रिप्लेमध्ये बॉल बाहेर पडलाय हे दिसत असेल आणि भाव अजून अर्धवट वर असेल तर तिथे संधी असते.

गणितवाला
तुमच्या टीव्हीवर दिसतं तेव्हा नाही. वर तुम्हीच लिहिलंय की ग्राउंडवाला आपल्या पुढे असतो.

थर्डमॅन
ग्राउंडवाल्यालाही बॉल ट्रॅकिंग तेव्हाच दिसतं जेव्हा ते स्क्रीनवर येतं. फरक काही सेकंदांचा.

गणितवाला
त्याच काही सेकंदांत तुमची ऑर्डर वेटिंगमध्ये असते.

नवा_गडी
माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. लगेच की थांबून? थर्डमॅन म्हणतात पाच-सहा बॉल बघा, मास्तर म्हणतात घाट नंतरच दिसतो.

गणितवाला
मधला रस्ता सांगतो, मी हेच करतो. तुमच्या पहिल्या केसमध्ये २.४० ला ६६.६७ ऐवजी ४२.८६ बॅक केले असते तर जिंकल्यावर शून्य आणि हरल्यावर ५७.१४. ६० चं लाल पुसलं गेलं, तुमचं मत अजून चालू आहे आणि आता ते चुकलं तरी खिशातून जात नाही. मग थर्डमॅनचे पाच-सहा बॉल आरामात बघा. नवा बॅटर अडकला तर भाव अजून वर जाईल तेव्हा उरलेलं करा, सुटला तर जिथे असेल तिथे करा किंवा शून्यावर सोडा.

थर्डमॅन
हे चालेल. फक्त जिथे अँकर आउट होऊन मारणारा आलाय तिथे हे करू नका, तिथे सगळंच एकदम.

हेलिकॉप्टर७
आणि जिथे कोण अँकर आणि कोण मारणारा हे आपल्याला माहीतच नाही? मी लीगच्या अर्ध्या टीम नावाने पण ओळखत नाही.

मिडविकेट_मन्या
मग तिथे ले कशाला केलंस रे?

हेलिकॉप्टर७
विकेट पडतेच म्हणून.